‘रिव्हर्ट द सेम’मुळे झालेला घोळ, आणि प्रीपोन, आउट ऑफ स्टेशनबद्दलही

सायली_मुलुंड

नमस्कार मंडळी. मी पवईत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. परदेशी ग्राहकांशी मेलवर बोलणं हे माझं रोजचं काम. गेल्या आठवड्यात माझ्या एका वाक्याने मोठा घोळ झाला. ते वाक्य मी आठ वर्षं लिहिते आहे आणि आजवर कुणी हरकत घेतलेली नाही, म्हणून सविस्तर सांगते.

आमचा एक ग्राहक उत्तर इंग्लंडमध्ये घरगुती वस्तू ऑनलाइन विकतो. मोफत घरपोच सेवेची मर्यादा 40 पौंडांवरून 30 वर आणायचं काम आम्ही केलं. बुधवारी त्यांचा मेल आला. नवी मर्यादा चालू झाली आहे, पण उत्तर आयर्लंडच्या काही ऑर्डरींवर अजून डिलिव्हरीचे पैसे लागताहेत, तर या बदलाकडे जरा बघाल का, असं त्यात होतं. संध्याकाळी निघता निघता मी उत्तर दिलं: ‘वी विल चेक अँड रिव्हर्ट द सेम बाय फ्रायडे.’ मला म्हणायचं होतं, तपासून शुक्रवारपर्यंत कळवतो.

त्यांनी वाचलं ते असं: तपासतो आणि तो बदल शुक्रवारपर्यंत मागे घेतो.

गुरुवारी आमच्या मुलांनी उत्तर आयर्लंडची चूक दुरुस्त केली. शुक्रवारी मी लिहिलं, ‘द इश्यू इज फिक्स्ड.’ त्यांना वाटलं, सांगितल्याप्रमाणे मर्यादा परत 40 झाली. त्यांनी फोनवरच्या लोकांना तसं सांगितलं आणि दुकानाच्या पहिल्या पानावरची 30 पौंडांची पट्टी काढून 40 ची लावली. शनिवारी वर पट्टीत 40 आणि खाली बास्केटमध्ये 30. गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले. आमच्याकडे दुपारचे अडीच वाजले असताना, म्हणजे तिकडे सकाळी नऊला, मला फोन आला आणि उरलेला दिवस त्यातच गेला.

मी माझा मेल तीनदा वाचला, मला त्यात काही चूक दिसेना. तुम्ही अशा ठिकाणी काय लिहिता? आणि प्रीपोन, आउट ऑफ स्टेशन, डू द नीडफुल यांचं काय करता?

शुद्धलेखनप्रेमी

सायलीताई, मी सत्तावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. ‘रिव्हर्ट बॅक’ ही द्विरुक्ती आहे. रिव्हर्टमध्येच ‘परत’ आलेलं आहे, लॅटिनमधल्या ‘मागे वळणे’ या क्रियापदापासून तो शब्द आला. त्यामुळे नुसतं ‘रिव्हर्ट’ लिहावं, ‘बॅक’ काढावं, म्हणजे वाक्य शुद्ध होतं. मुलांच्या वहीत मी हेच लाल शाईने खोडत असे.

सायली_मुलुंड

सर, मी ‘बॅक’ लिहिलंच नव्हतं. तरीही हे झालं.

परळचा_टेस्टर

सरांचं लॅटिन बरोबर आहे, पण औषध चुकतंय. ‘बॅक’ काढल्याने वाचणाऱ्याचा गैरसमज जराही कमी होत नाही, उलट वाढू शकतो. ‘रिव्हर्ट बॅक टू यू’मध्ये निदान ‘यू’ तरी असतो, म्हणजे कुणाकडे तरी उत्तर जाणार आहे एवढं कळतं. खरा घोटाळा सायलीच्या वाक्यातल्या ‘द सेम’ने केला आहे.

आपल्याकडे उत्तर देणे या अर्थाने रिव्हर्ट वापरतो तेव्हा त्याला कर्म नसतं. ‘आय विल रिव्हर्ट’, ‘आय विल रिव्हर्ट टू यू’. मागे घेणे या अर्थाने वापरतात तेव्हा कर्म लागतं, काय मागे घ्यायचं ते सांगावं लागतं. सायलीने ‘द सेम’ लिहिलं आणि आपल्या अर्थाच्या क्रियापदाला त्यांच्या अर्थाचं कर्म जोडलं गेलं. आधीच्या मेलमध्ये ‘बदल’ हा शब्द होताच, तो ‘द सेम’च्या जागी आपोआप जाऊन बसला. इंग्लंडमधल्या माणसाने दुसरं काही वाचणं शक्यच नव्हतं.

आमच्या कामात तर हा शब्द रोज दिसतो. कोडमधला एखादा बदल उलटवायचा असेल तर ही आज्ञा देतात:

```
git revert a1b2c3d
```

ती जुना बदल पुसत नाही. त्याच्या उलटा असा एक नवा बदल करून वर ठेवते, आणि त्या नव्या नोंदीच्या मथळ्याची सुरुवातच Revert या शब्दाने होते. तुमचा ग्राहक सॉफ्टवेअरवाल्यांशी बोलतोय हे त्याला ठाऊक आहे. सॉफ्टवेअरवाला ‘रिव्हर्ट’ म्हणाला की तो हेच समजणार.

कोकणकन्या_७

माझं जरा वेगळं मत. आपल्या कोट्यवधी लोकांना कळतं ते इंग्रजी चूक कसं? अमेरिकन लोक त्यांचे शब्द आपल्यासाठी बदलतात का? प्रीपोन हा किती नेटका शब्द आहे. पोस्टपोनच्या उलट प्रीपोन, शाळेतल्या पोरालाही कळेल.

परळचा_टेस्टर

ताई, प्रीपोनबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. तो फक्त आपलाच आहे असंही नाही. आज आपण ज्या अर्थाने वापरतो त्या अर्थाने तो 1913 साली न्यू यॉर्क टाइम्समध्ये छापलेल्या एका पत्रात सापडतो, वकिलांच्या सोयीसाठी हा शब्द घ्या असं सुचवणारं ते पत्र होतं. तिकडे तो रुजला नाही, आपल्याकडे रुजला. आज ऑक्सफर्डच्या कोशातही तो आहे.

पण प्रीपोन आणि रिव्हर्ट यांत एक फरक आहे. प्रीपोन ज्याला माहीत नाही त्याला आपल्याला तो माहीत नाही हे समजतं. तो थांबतो, विचारतो किंवा शोधतो. दोन मिनिटं जातात, नुकसान होत नाही. रिव्हर्ट ज्याला माहीत आहे तो थांबतच नाही. त्याच्या दृष्टीने वाक्य सरळ, व्याकरण नीट, अर्थ स्पष्ट. तो पुढच्या कामाला लागतो आणि चार दिवसांनी कळतं की दोघांनी दोन वेगळी वाक्यं वाचली. म्हणून मी नव्या मुलांना सांगतो की विचित्र वाटणाऱ्या शब्दांची धास्ती घेऊ नका. जे शब्द त्यांच्याकडेही आहेत आणि अर्थ निराळा आहे, तिथे सावध राहा.

गोदीकाका

मी बॅलार्ड इस्टेटमध्ये जहाजं भाड्याने लावण्याच्या धंद्यात आयुष्य काढलं. तुम्हा सर्वांना एक सांगतो, ‘रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर देणे हे फक्त भारतीय आहे असं समजू नका. आमच्या धंद्यात लंडनचे दलालही ‘प्लीज रिव्हर्ट’, ‘विल रिव्हर्ट’ असंच लिहितात. सिंगापूर, हाँगकाँगलाही तेच. टेलेक्सच्या काळात आम्ही जितके कमी शब्द तितकं बरं असं लिहायचो, आणि दोन्हीकडच्या माणसांना त्याचा अर्थ पक्का ठाऊक असायचा.

पण जहाजाचा करार वकिलाकडे गेला की तोच शब्द आम्ही टाळायचो. वकिलाच्या कागदात रिव्हर्ट म्हणजे मालमत्ता मूळ मालकाकडे परत जाणे. भाडेपट्टा संपला की जमीन रिव्हर्ट होते. म्हणजे एकाच इमारतीत, एका मजल्यावर त्याचा अर्थ उत्तर द्या आणि वरच्या मजल्यावर जागा परत करा. आम्ही माणूस बघून शब्द वापरायचो.

आणि सायली, ऑफर पाठवताना आम्ही ‘लवकर कळवा’ असं कधीच लिहीत नसू. ‘लंडन वेळेनुसार 17:00 पर्यंत उत्तर’ असं घड्याळ घालूनच लिहायचं. ती वेळ टळली की ऑफर संपली.

लीड्सकर_नितीन

सायली, मी बारा वर्षं याच भागात राहतो, त्यामुळे तुझ्या ग्राहकाच्या बाजूचं सांगू शकतो. इथल्या माझ्या टीममध्ये भारतातून मेल येतात. ‘डू द नीडफुल’ वाचून कुणाचाही गैरसमज होत नाही, जुन्या काळचं वाटतं इतकंच. अडचण एवढीच की ‘नीडफुल’ म्हणजे नेमकं काय करायचं ते त्यात नसतं, म्हणून मेल पडून राहतो. ‘कृपया जोडलेल्या फॉर्मवर सही करून मंगळवारपर्यंत पाठवा’ असं लिहिलं की त्याच दिवशी होतं.

खरा त्रास ‘आय हॅव अ डाउट’चा होतो. आपल्या मनात असते शंका, म्हणजे प्रश्न. इथला माणूस ऐकतो अविश्वास. माझ्या एका सहकाऱ्याच्या डिझाइनवर मुंबईहून ‘आय हॅव सम डाउट्स अबाउट युअर डिझाइन’ असा मेल आला. त्याला वाटलं त्याचं डिझाइनच नापसंत झालं, आणि तो दोन दिवस सगळं नव्याने मांडत बसला. मुंबईतल्या मुलीला फक्त तीन रकान्यांचा अर्थ विचारायचा होता. ‘क्वेश्चन’ लिहिलं असतं तर दहा मिनिटांचं काम.

एक विचारतो, बुधवारी तुझ्या मेलला त्याचं काही उत्तर आलं होतं का?

सायली_मुलुंड

नितीनदादा, आलं होतं. आत्ता परत काढून बघितलं. ‘थँक्स, दॅट्स अ रिलीफ. आय विल लेट द टीम नो.’ मी कांजूरमार्गला प्लॅटफॉर्मवर उभी राहून फोनवर वाचलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, सौजन्य म्हणून लिहिलंय.

लीड्सकर_नितीन

तिथेच ते पकडता आलं असतं. तू फक्त ‘तपासून कळवते’ म्हणालीस, तर त्यात हायसं वाटण्यासारखं काय आहे? आणि टीमला सांगण्यासारखं तरी काय आहे? आपण दिलेल्या शब्दापेक्षा जास्त आभार आले की समजायचं, समोरच्याने आपण न दिलेला शब्द वाचला आहे. मी अशा वेळी लगेच एक ओळ परत पाठवतो: ‘जस्ट टू कन्फर्म, द लिमिट स्टेज ॲट 30, वी आर ओन्ली लुकिंग इनटू द नॉर्दर्न आयर्लंड ऑर्डर्स.’ आकडा आणि जागा दोन्ही आले की गैरसमजाला जागा राहत नाही.

पोहेवाला_दादर

बाहेरगावी जाण्याबद्दल विचारलंय ना? मी सरकारी नोकरीत आहे. आमच्याकडे रजेच्या अर्जात ‘मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी’ असं लिहावंच लागतं, इंग्रजी अर्जात स्टेशन लीव्ह. ते लिहिलं नाही म्हणून माझी दिवाळीची रजा एकदा परत आली होती. तेव्हा आउट ऑफ स्टेशन लिहायला अजिबात कचरू नका, उलट न लिहिल्यास त्रास होतो.

सायली_मुलुंड

दादा, मी परदेशी ग्राहकाला लिहिण्याबद्दल विचारत होते. पण तुमच्या अर्जावरून तो शब्द कुठून आला हे चांगलं लक्षात आलं.

गोदीकाका

अगदी बरोबर. इंग्रजांच्या काळात अधिकाऱ्याची नेमणूक जिथे असे ते त्याचं स्टेशन. माथेरान, महाबळेश्वरला आपण हिल स्टेशन म्हणतो तेही त्याच अर्थाचं, नाहीतर महाबळेश्वरला रेल्वे कुठे आहे? दादरच्या भाऊंच्या कचेरीत ते स्टेशन आजही खरंखुरं आहे, ते सोडायला परवानगी लागते. त्यांच्या अर्जात तोच शब्द योग्य. सायलीच्या ग्राहकाला मात्र स्टेशन म्हटलं की फलाट दिसणार.

परळचा_टेस्टर

आणि फलाट दिसला तरी तो विचारेल, म्हणून हा शब्द प्रीपोनच्या गटातला, निरुपद्रवी. पण त्यात एक उणीव आहे. तुम्ही मुंबईत आहात की रत्नागिरीत, याच्याशी ग्राहकाला काही देणंघेणं नाही. मेल बघणार का, आणि नाही तर कोण बघेल, एवढंच त्याला हवं असतं. मी लिहितो: ‘आय विल बी अवे फ्रॉम 16 टू 20 मार्च अँड विल नॉट रीड मेल’, आणि पुढे माझ्या जागी कोण आहे त्याचं नाव. गणपतीत गावी गेलो तरी फोन हातात असतो, तेव्हा ‘विल रीड मेल वन्स अ डे’ असं लिहितो. आउट ऑफ स्टेशन या तीन शब्दांत यातलं काहीच येत नाही.

कोकणकन्या_७

बरं, मग प्रीपोनऐवजी काय? माझ्या मॅनेजरने सांगितलंय की ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ लिहा, ते जागतिक आहे.

लीड्सकर_नितीन

ते तर प्रीपोनपेक्षाही वाईट. याच वाक्यावर मानसशास्त्रात प्रयोग झाले आहेत. लेरा बोरोडित्स्की यांच्या अभ्यासामुळे तो प्रश्न प्रसिद्ध झाला: पुढच्या बुधवारची बैठक दोन दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ झाली, तर आता ती कोणत्या दिवशी? इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंही फुटतात. कुणी सोमवार म्हणतं, कुणी शुक्रवार. काळ आपल्याकडे येतोय असं मनात असेल तर सोमवार, आपण काळातून पुढे चाललोय असं वाटत असेल तर शुक्रवार. प्रीपोन न कळलेला माणूस निदान विचारतो, पण शुक्रवार गृहीत धरलेला माणूस सोमवारी येतच नाही. ‘ब्रॉट फॉरवर्ड’ ब्रिटनमध्ये बहुतेकांना लवकर असं कळतं, पण फॉरवर्ड दिसलं की काही जण अडखळतात.

शुद्धलेखनप्रेमी

हे मराठीतही आहे हो. ‘पुढे ढकलली’ म्हणजे नंतर, यात वाद नाही. पण माझ्या पुतणीच्या साखरपुड्याची तारीख ‘पुढे घेतली’ असा निरोप आला, तेव्हा घरात अर्ध्यांना वाटलं लवकर झाली, अर्ध्यांना वाटलं लांबली. शेवटी फोन करून विचारलं. ‘अलीकडे घेतली’ म्हटलं असतं तर काही प्रश्न नव्हता.

आणि टेस्टर, आपण ‘बॅक’बद्दल जे म्हणालात त्यावर मी विचार केला. मी मुलांना द्विरुक्ती शिकवली, पण वाचणारा काय समजेल हे कधी शिकवलं नाही. तरीही परीक्षेच्या पेपरात मी ‘रिव्हर्ट बॅक’ला गुण कापीनच.

परळचा_टेस्टर

सर, पेपरात जरूर कापा.

कोकणकन्या, शब्द शोधूच नका. जुनी तारीख आणि नवी तारीख दोन्ही लिहा: ‘द मीटिंग ऑन थर्सडे 12 मार्च इज नाउ ऑन ट्यूसडे 10 मार्च.’ वार आणि तारीख दोन्ही असले की एकात चूक झाली तरी दुसऱ्यावरून लक्षात येते. महिना अक्षरात लिहा, कारण 10/3 हे अमेरिकेत 3 ऑक्टोबर होतं. आणि वेळेपुढे नुसतं आयएसटी लिहू नका. आयर्लंड आणि इस्रायलमध्येही त्याच तीन अक्षरांची वेळ आहे. ‘मुंबई टाइम’ लिहा, शेजारी त्यांची वेळ लिहा.

कोकणकन्या_७

हे पटलं. पण ऑफिसातल्या ऑफिसात मी प्रीपोनच म्हणणार. ठाण्याच्या माणसाला दोन तारखा कशाला लिहू?

गोदीकाका

अवश्य म्हण, पोरी. माणूस बघून शब्द.

परळचा_टेस्टर

काका, इथे थोडा अडतो. आमच्याकडे अंतर्गत मेलच पुढे ग्राहकाला फॉरवर्ड होतात. खालची साखळी कुणी कापत नाही. मुंबईतल्या दोघांनी आपापसात लिहिलेलं ‘विल रिव्हर्ट द सेम’ तीन दिवसांनी लीड्समध्ये वाचलं जातं. म्हणून निदान हा एक शब्द मी आतल्या मेलमध्येही सोडला आहे. प्रीपोनबद्दल माझा आग्रह नाही.

सायली_मुलुंड

सगळ्यांचं वाचलं. काल ट्रेनमध्ये बसून एक लक्षात आलं. बुधवारी माझ्या मनात मराठी वाक्य होतं, ‘तपासून कळवते.’ त्यातलं ‘कळवते’ म्हणजे सरळ ‘लेट यू नो’. मला रिव्हर्टची गरजच नव्हती, आमच्या मेलमध्ये तो चालतो म्हणून बोटं तिकडे गेली. मी तेच उत्तर परत लिहून पाहिलं:

‘वी विल चेक द नॉर्दर्न आयर्लंड ऑर्डर्स अँड लेट यू नो व्हॉट वी फाइंड बाय 5 पीएम फ्रायडे, यूके टाइम. द 30 पाउंड लिमिट विल स्टे ॲज इट इज.’

आणि शुक्रवारचा मेलही. ‘इश्यू इज फिक्स्ड’ऐवजी: ‘नॉर्दर्न आयर्लंड ऑर्डर्स ओव्हर 30 पाउंड्स नाउ गेट फ्री डिलिव्हरी.’ हे वाचून कुणी 40 ची पट्टी लावली नसती.

लीड्सकर_नितीन

उत्तम. शेवटचं वाक्य सर्वांत कामाचं. काय बदलणार याइतकंच काय बदलणार नाही हेही सांगितलंस. ‘फिक्स्ड’चा घोळ तर रिव्हर्टइतकाच मोठा होता, फक्त तो भारतीय इंग्रजी नाही म्हणून आपल्या डोळ्यांत आला नाही.

पोहेवाला_दादर

सायलीताई, एक विचारू? आमच्या खात्यातून आता परदेशी संस्थांनाही पत्रं जातात. त्यात ‘युवर गुड ऑफिस’, ‘द अंडरसाइन्ड’ असं असतं. तेही गैरसमज करणारं आहे का?

लीड्सकर_नितीन

नाही, दादा. फार औपचारिक वाटेल, अर्थ बदलणार नाही. तुमच्या पत्रांत ‘टेन लॅक्स’, ‘टू क्रोर’ असे आकडे असतील तर ते मात्र मिलियनमध्ये लिहा. दहा लाख म्हणजे एक मिलियन, दोन कोटी म्हणजे वीस मिलियन. आणि 10,00,000 मधला स्वल्पविराम इथल्या माणसाला टायपिंगची चूक वाटतो, म्हणून 1,000,000.

सायली_मुलुंड

आजची बातमी सांगते. ग्राहकाला मी दोन्ही मेल घेऊन फोन केला आणि ‘रिव्हर्ट’ आमच्याकडे कसा वापरतात ते सांगितलं. तो शांतपणे म्हणाला की त्यांच्या पुण्यातल्या दुसऱ्या पुरवठादाराकडूनही हाच शब्द येतो, आणि त्याने आजवर किती वेळा चुकीचं वाचलं असेल ते आता त्याला शोधावं लागेल.

आमच्या तिकीट सिस्टिममधून मात्र प्रत्येक ग्राहकाला आपोआप जाणाऱ्या उत्तरात अजूनही ‘वुई विल रिव्हर्ट ॲट द अर्लिएस्ट’ आहे. ते बदला असं मी आमच्या मॅनेजरना लिहिलं. ते म्हणाले, त्यात ‘द सेम’ नाही, म्हणजे धोका नाही. टेस्टर, तुमच्याच मुद्द्याने मला उत्तर मिळालं, आता काय सांगू?

परळचा_टेस्टर

त्यांना विचारा, तिकिटाचा विषय जर ‘नव्या किमतीचा बदल’ असेल आणि खाली नुसतं ‘वुई विल रिव्हर्ट’ असेल, तर वाचणारा कर्म कुठून आणेल? वरच्या विषयातून. तुमच्याकडे अशी तिकिटं किती आहेत ते काढून त्यांच्यासमोर ठेवा.

सायली_मुलुंड

मार्च महिन्याची काढायला घेतली आहेत. विषयात ‘चेंज’ शब्द असलेली वेगळी करते आहे. सोमवारी त्यांना दाखवते आणि काय म्हणाले ते इथे लिहिते.